दूध का नासते आणि दही कसे लागते

दूध पातेल्यात नासताना दिसते, पण ते बिघडलेले असते त्याच्या काही तास आधीच. कच्चे दूध पांढरेशुभ्र दिसते, चवीला गोड लागते, वासही येत नाही. तेच गॅसवर ठेवले की उकळी येण्याच्या सुमारास एकाएकी गुठळ्या धरतात आणि हिरवट नासकवणी वेगळी होते. दोष मग भांड्याला दिला जातो, नाहीतर दूधवाल्याला. कधीकधी तो खराही असतो. पण दुधात आधी काय घडून गेले होते हे कळले तर नासणे बरेचसे टाळता येते, आणि त्याच समजुतीवर दहीसुद्धा बाराही महिने नीट लावता येते. कारण दूध नासवणारे आणि दही लावणारे रसायन मुळात एकच आहे.

दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के भाग केसीन नावाच्या प्रथिनाचा असतो. हे केसीन पाण्यात साखरेसारखे विरघळलेले नसते. त्याचे अतिसूक्ष्म गोळे दुधात तरंगत असतात आणि त्यांच्या आत कॅल्शियम व फॉस्फेट धरून ठेवलेले असते. दुधाचा पांढरा रंग बराचसा या गोळ्यांमुळेच येतो. प्रत्येक गोळ्याच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो आणि केसासारखे बारीक धागे बाहेर आलेले असतात. त्यामुळे दोन गोळे जवळ आले तरी एकमेकांना दूर ढकलतात आणि दूध पातळ, एकजीव राहते. ताज्या दुधाचा सामू ६.६ ते ६.८ असतो, म्हणजे ते जेमतेम आम्लधर्मी असते. या स्थितीत केसीन इतके पक्के असते की दूध कितीही वेळा उकळले तरी त्याला काही होत नाही. आटवून त्याची बासुंदी होते, पण ते फाटत नाही.

आम्ल वाढू लागले की हे चित्र बदलते. दुधातले जिवाणू दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात. हे आम्ल गोळ्यांवरचा ऋणभार कमी करत जाते आणि त्यांच्या आतले कॅल्शियमही थोडे थोडे बाहेर काढते. सामू ४.६ च्या आसपास आला की भार पूर्ण नाहीसा होतो, गोळे एकमेकांना चिकटतात आणि साध्या खोलीच्या उष्णतेलाही दूध घट्ट होते. तेच दही. पण गरम दुधाला इतक्या आम्लाची गरज नसते. तापवल्यावर गोळे अधिक जोराने एकमेकांवर आपटतात, दुधाचा सामूही आपोआप थोडा उतरतो, आणि आधीच कमकुवत झालेला भार त्यांना अलग ठेवायला पुरत नाही. म्हणून थंड असताना ठणठणीत वाटणारे दूध उकळीला फाटते.

हा उंबरठा किती जवळ असतो ते डेअरीतल्या आकड्यांवरून दिसते. ताज्या गाईच्या दुधाची आम्लता साधारण ०.१३ ते ०.१५ टक्के धरली जाते. ती ०.२० ते ०.२२ टक्क्यांच्या आसपास गेली की दूध उकळताना फाटते. दही म्हणून चांगले लागायला मात्र ०.६ टक्क्यांच्या वर आम्लता लागते. या दोन टप्प्यांमधले दूध जिभेला फारसे आंबट लागत नाही, पण तापवण्याच्या कामाचे राहिलेले नसते. संकलन केंद्रावर म्हणूनच चवीवर विसंबत नाहीत. परीक्षानळीत सुमारे ५ मिलीलीटर दूध घेऊन ती उकळत्या पाण्यात पाच मिनिटे धरतात आणि नळीच्या काठावर कण दिसतात का ते पाहतात. हीच परीक्षा घरी पळीत करता येते. शंका आली तर सगळे दूध गॅसवर चढवण्याआधी पळीभर दूध उकळून पाहावे. पळीतले फाटले तर उरलेले दूध न तापवता निदान वेगळ्या कामाला लावता येते, आणि मुख्य म्हणजे ते चांगल्या दुधात मिसळले जात नाही.

उन्हाळ्यात हा उंबरठा किती लवकर ओलांडला जातो याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. अनुकूल उष्णतेत असे जिवाणू साधारण अर्ध्या तासात दुप्पट होतात. चार तासांत एकाचे अडीचशे, सहा तासांत चार हजार. मे महिन्यात विदर्भात पहाटे पाचला काढलेले दूध सातला घरी आले आणि कामाच्या गडबडीत अकरापर्यंत ओट्यावर राहिले, तर धारेपासून सहा तास झालेले असतात. कास किंवा भांडे स्वच्छ नसेल तर सुरुवातीचेच जिवाणू जास्त असतात आणि असे दूध नऊ वाजताही फाटू शकते. जानेवारीत तेच दूध तितकाच वेळ बाहेर राहिले तरी बहुधा निभावते, कारण थंडीत जिवाणूंची वाढ मंदावते. सुट्टे दूध घरी आल्याबरोबर तापवायचे ही जुनी शिस्त यासाठीच होती.

तापवलेल्या दुधाचीही एक मर्यादा आहे. उकळीने लॅक्टिक आम्ल करणारे बहुतेक जिवाणू मरतात, पण काही जिवाणूंचे बीजाणू उकळीतूनही वाचतात आणि दूध कोमट झाले की पुन्हा वाढू लागतात. म्हणून उन्हाळ्यात एकदा तापवलेले दूध दिवसभर बाहेर टिकत नाही. ते निवल्यावर फ्रिजमध्ये जावे, नाहीतर पाच-सहा तासांनी पुन्हा उकळावे. सगळ्यात घातक सवय म्हणजे कालचे उरलेले वाटीभर दूध आजच्या ताज्या लिटरभर दुधात ओतून एकत्र तापवणे. जुन्या दुधातले आम्ल आणि जिवाणू दोन्ही ताज्या दुधात जातात. पातेल्याच्या कडेला वाळलेली साय नीट घासली गेली नसेल, तर तिथूनही हेच घडते.

पिशवीतल्या दुधाचे नासणे थोडे निराळे असते. पाश्चरीकरणात दूध साधारणपणे ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद तापवलेले असते, त्यामुळे आंबवणारे जिवाणू जवळजवळ संपलेले असतात. उरतात ते बीजाणूंतून उगवणारे आणि थंडीतही हळूहळू वाढणारे जिवाणू. ते आम्ल फारसे करत नाहीत. ते विकरे सोडतात आणि ती विकरे केसीनच्या गोळ्यांवरचे संरक्षक धागे कापतात. असे दूध आंबट न होताच उकळीला फाटते आणि पुष्कळदा कडवट लागते. पिशवीवरची तारीख उलटलेली नसतानाही हे होऊ शकते, कारण वाहतुकीत किंवा दुकानाच्या दारातल्या क्रेटमध्ये दूध काही तास गरम झालेले असते. आम्लाने नुकत्याच फाटलेल्या, वासाला स्वच्छ असलेल्या दुधाचे पनीर किंवा कलाकंद करायला हरकत नाही. कडवट, घाण वासाचे किंवा तार सुटलेले दूध मात्र टाकूनच द्यावे.

कधीकधी दूध ताजे असूनही फाटते, आणि त्यामागची कारणे अगदी ठरावीक असतात. गुळाच्या चहात दूध फुटते, कारण गुळाला थोडा आम्लपणा असतो आणि त्यात क्षारही असतात. चहा उकळून गॅस बंद करावा, जरा थांबावे आणि मग गूळ घालावा, म्हणजे बहुधा फुटत नाही. आल्यात प्रथिने तोडणारे विकर असते. म्हणून आले आधी पाण्यात चांगले उकळून घ्यावे. विकर उष्णतेने निकामी होते आणि त्यानंतर घातलेले दूध टिकते. नुकत्याच व्यालेल्या गाई-म्हशीचा चीक तापवला की घट्ट होतो आणि त्याचा खरवस होतो, तो आम्लामुळे नव्हे. चिकात निवळीतली प्रथिने फार असतात आणि ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी उष्णतेने आळतात. पहिल्या काही दिवसांचे दूध नेहमीच्या दुधात मिसळले गेले तर ते उकळताना फाटते, यात विक्रेत्याची लबाडी असतेच असे नाही. सडाला दाह झालेल्या जनावराच्या दुधाचेही असेच होते.

दूध फाटू नये म्हणून चिमूटभर खायचा सोडा टाकण्याची युक्ती जुनी आहे. सोड्याने आम्ल मारले जाते, त्यामुळे दूध उकळीला टिकते, पण जिवाणू आणि त्यांनी केलेली बिघाडी तिथेच राहते. विक्रीच्या दुधात सोडा घालणे ही भेसळ आहे. अशा दुधाचा एक माग घरी लागतो: ते तापताना फाटत नाही, पण त्याचे दही नेहमीपेक्षा फार उशिरा लागते आणि चवीला साबणासारखे वाटते.

आता दह्याकडे. दही लावताना आम्लाची तीच वाट मुद्दाम आणि सावकाश चालायची असते. आम्ल थंडपणे, हळूहळू आणि सगळीकडे सारखे वाढले की केसीनचे गोळे गुठळ्यांऐवजी एकमेकांना साखळ्यांनी जोडले जातात, त्यांची जाळी तयार होते आणि पाणी व स्निग्धांश त्या जाळीत अडकून बसतात. दही कापल्यासारखे निघते ते या जाळीमुळे.

ही जाळी मजबूत व्हावी म्हणून दूध आधी नीट उकळावे लागते. कोमट केलेल्या कच्च्या दुधालाही दही लागते, पण ते लिबलिबीत होते आणि पाणी सोडते. दूध ८० अंशांच्या वर काही मिनिटे राहिले की निवळीतली प्रथिने उलगडतात आणि केसीनच्या गोळ्यांना जाऊन चिकटतात. अशा दुधाची जाळी दाट विणली जाते. म्हणून एक उकळी आली की लगेच गॅस बंद न करता, आच मंद करून आणखी पाच ते दहा मिनिटे दूध हलवत ठेवावे. त्याने थोडे पाणीही उडते. म्हशीच्या दुधात प्रथिने आणि स्निग्धांश दोन्ही जास्त असतात, त्यामुळे त्याचे कवडी दही सहज होते. पिशवीच्या दुधात फुल क्रीमचे दही टोन्ड दुधापेक्षा घट्ट लागते. टोन्ड दुधाचे घट्ट हवे असेल तर लिटरमागे दोन मोठे चमचे दूध पावडर उकळतानाच विरघळवावी.

उकळल्यानंतर सगळे अवलंबून असते ते विरजण घालताना दूध किती गरम आहे आणि पुढचे काही तास ते तसे राहते का, यावर. घरगुती विरजणात एकाच जातीचे जिवाणू नसतात. त्यात लॅक्टोकॉकस असतात, त्यांना २५ ते ३० अंशांची ऊब पुरते आणि त्यांचे दही सौम्य, गोडसर असते. त्यांच्या जोडीला स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस असतात. त्यांना ४० अंशांच्या आसपासची उष्णता आवडते आणि ते भराभर आम्ल करतात. लॅक्टोबॅसिलस तर दही लागून गेल्यावरही आम्ल करत राहतात. त्यामुळे तेच विरजण मे महिन्यात आंबट आणि जानेवारीत गोड दही देते. ऋतू बदलला की विरजणाचे प्रमाण, दुधाची उष्णता आणि वेळ या तिन्ही गोष्टी बदलाव्या लागतात. त्यांत उष्णता सगळ्यात महत्त्वाची, आणि पुष्कळ घरांत तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. दही लागेना की विरजण वाढवले जाते. त्याने काम थोडे लवकर होते खरे, पण जुन्या दह्याचा आंबटपणा नव्या दुधात आधीच उतरतो आणि ऊब नसेल तर दही तरीही सैल राहते.

फार गरम दुधात विरजण घालण्याचे नुकसान दुहेरी आहे. ५५-६० अंशांना बरेच जिवाणू मरतात किंवा निपचित पडतात. शिवाय विरजणातले तयार आम्ल गरम दुधाला जिथे लागते तिथेच ते दूध नासल्यासारखे फाटते. दही दाणेदार आणि वर पाणी आलेले दिसले तर बहुधा हेच झालेले असते. थर्मामीटर नसेल तर स्वच्छ धुतलेले बोट दुधात घालून दहा अंक मोजावेत. बोट आरामात राहिले आणि दूध गरम वाटले, तर ते साधारण ४० अंशांच्या आसपास आहे. चटका बसून बोट काढावे लागले तर थांबावे. काही जाणवलेच नाही तर दूध फार निवले आहे.

उन्हाळ्यात अर्धा लिटर दुधाला अर्धा लहान चमचा विरजण पुरते आणि दूध अगदी कोमट, ३५ अंशांच्या आसपास, चालते. चार-पाच तासांत दही लागते. या दिवसांत खरी काळजी लागल्यानंतरची असते. रात्री दहाला लावलेले दही सकाळी सातपर्यंत ओट्यावर राहिले तर ते आंबटच होणार. म्हणून उन्हाळ्यात दही सकाळी लावावे आणि दुपारच्या जेवणाला काढावे, किंवा रात्री लावले तर पहाटे फ्रिजमध्ये टाकावे. मातीचे गाडगे या ऋतूत उपयोगी पडते. त्याच्या छिद्रांतून पाणी झिरपून वाफ होते, दही थंड राहते, आणि माती थोडे पाणी शोषून घेते म्हणून ते घट्टही होते. हिवाळ्यात मात्र याच गुणामुळे गाडगे अडचणीचे ठरते.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, हवा दमट असली तरी उष्णता साधारण २५ ते ३० अंशांच्या दरम्यान असते. एक लहान चमचा विरजण, ४० अंशांचे दूध आणि सहा ते आठ तास एवढे पुरते. या दिवसांत झाकण नीट बसणारे हवे, कारण हवेतली बुरशी आणि यीस्ट दह्यावर लवकर बसते. दह्याला फसफसल्यासारखा वास आला किंवा पृष्ठभागावर बुडबुडे, ठिपके दिसले तर त्याचे विरजण पुढे वापरू नये.

हिवाळा हीच खरी परीक्षा. नाशिक जिल्ह्यातल्या निफाडसारख्या ठिकाणी जानेवारीच्या रात्री पारा दहा अंशांच्या खाली जातो आणि स्वयंपाकघरात पंधरा अंशांच्या आसपास असतो. अर्धा लिटर दूध स्टीलच्या भांड्यात उघडे ठेवले तर दोन-तीन तासांत ते इतके निवते की जिवाणूंचे काम जवळजवळ थांबते. सकाळी भांड्यात दूधच दिसते, किंवा अर्धवट जमलेले, तार सुटणारे दही. उपाय असा. विरजण रात्री आठला फ्रिजमधून काढून बाहेर ठेवावे. फुल क्रीम दूध उकळून, दहा मिनिटे मंद आचेवर ठेवून, नऊच्या सुमारास ४५ अंशांपर्यंत निवू द्यावे. ज्या भांड्यात दही लावायचे ते गरम पाण्याने विसळून घ्यावे, कारण थंड स्टील दुधाचे दोन-तीन अंश एका झटक्यात घेते. दीड ते दोन लहान चमचे विरजण वाटीत थोड्या दुधाबरोबर घोटून गुठळ्या मोडाव्यात, मग सगळ्या दुधात घालून चांगले ढवळावे. झाकण लावून भांडे गरम पाण्याने विसळलेल्या कॅसरोलमध्ये बसवावे, किंवा जाड टॉवेलात गुंडाळून कणकेच्या डब्यात खोचावे. पीठ ऊब चांगली धरते. बंद ओव्हनमध्ये फक्त दिवा चालू ठेवला तरी चालते. थंड देशांत राहणाऱ्यांना ही सोय फार उपयोगी पडते. सकाळी सहापर्यंत दही लागते.

तरीही लागले नसेल तर पुन्हा विरजण घालू नये आणि ढवळूही नये. ढवळल्याने अर्धी विणलेली जाळी तुटते आणि ती पुन्हा जुळत नाही. भांडे एका मोठ्या पातेल्यात, हात बुडवता येईल इतक्या गरम पाण्यात, तासभर किंवा दीड तास बसवावे. जिवाणू जिवंत असतील तर काम तिथून पुढे सुरू होते. दही लागले की नाही हे चमच्याने उकरून पाहू नये. भांडे किंचित कलते करावे, दही एकसंध कडेपासून सुटताना दिसले की झाले. मग ते दोन तास फ्रिजमध्ये ठेवले की आणखी घट्ट होते.

तार सुटण्याचे कारण वेगळे आहे. थंडीत वाढणारे काही जिवाणू चिकट बहुशर्करा तयार करतात. एकदा ते विरजणात शिरले की दर वेळी तसेच दही येते. विरजण वाढवून उपयोग होत नाही. शेजारघरचे चांगले विरजण आणावे आणि दूध थोडे अधिक गरम ठेवावे. ऊब, विरजण, वेळ सगळे ठीक असूनही दही अजिबात लागत नसेल, तर दुधावर संशय घ्यावा. जनावराला प्रतिजैविके दिली असतील तर त्यांचे अंश दुधात उतरतात आणि विरजणातले जिवाणू मारतात. खात्री करायची तर त्याच विरजणाने दुसऱ्या ठिकाणच्या वाटीभर दुधाला दही लावून पाहावे. तिथे लागले तर विरजण निर्दोष आहे.

विरजणच नसेल तेव्हा हिरव्या मिरचीची चार-पाच देठे धुऊन कोमट दुधात बुडवून ठेवतात. देठांवर लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू असतात. बारा तासांनी जे जमते ते सैल असते आणि त्यात इतर जिवाणूही येतात, म्हणून ते खाऊ नये. त्यातला एक चमचा ताज्या उकळलेल्या दुधाला लावावा. दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेला नेहमीसारखे दही येते. भांडे स्टीलचे, काचेचे, चिनी मातीचे किंवा साध्या मातीचे असावे. कल्हई नसलेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात दही कळकते आणि ते पोटाला बाधते.

विरजण ताज्या, गोड दह्याचेच घ्यावे. फार आंबलेल्या दह्यात सौम्य जिवाणू मागे पडलेले असतात आणि लॅक्टोबॅसिलस वरचढ झालेले असतात, त्यामुळे पुढचे दहीही आंबटच निघते. दही लागल्याबरोबर, पहिल्यांदा वाढण्याआधीच, कोरड्या चमच्याने दोन चमचे काढून झाकणाच्या लहान डबीत फ्रिजमध्ये ठेवावेत. ते चार-पाच दिवस चांगले राहते. त्याहून जुने झाले तर आधी वाटीभर दुधाला लावावे आणि त्या दह्याचे विरजण पुढे वापरावे.